एक्स-विंग आणि स्वॉर्डफिश: अडलेलं सुडोकू सोडवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना साधं सुडोकू हातखंडा झालंय, पण अवघड कोड्यात पंचवीस-तीस घरं रिकामी असताना गाडी अडते, त्यांच्यासाठी हे पान आहे. आडव्या रांगेला मी ओळ म्हणेन, उभ्याला रकाना आणि तीन बाय तीनच्या गटाला चौकट. घराचा पत्ता (२,७) असा दिला असेल तर दुसरी ओळ, सातवा रकाना असं वाचावं. आधी ओळ, मग रकाना, हा क्रम शेवटपर्यंत तोच आहे.

एक्स-विंग म्हणजे नेमकं काय?

एकच अंक घ्या, समजा ४. एका ओळीत ४ बसू शकेल अशी फक्त दोन घरं उरली आहेत. दुसऱ्या एका ओळीतही ४ साठी दोनच घरं उरली आहेत, आणि ती बरोबर त्याच दोन रकान्यांत आहेत. ही चार घरं मिळून आयताचे चार कोपरे होतात. याला एक्स-विंग म्हणतात.

आता विचार करा. पहिल्या ओळीतला ४ डाव्या कोपऱ्यात असेल, तर त्या रकान्यात दुसरा ४ येणार नाही, म्हणून दुसऱ्या ओळीतला ४ उजव्या कोपऱ्यात जाईल. उलट असेल तर उलट. दोन्ही वेळा ४ आयताच्या एका कर्णाच्या दोन टोकांना बसतो. दोन कर्ण काढले की फुली दिसते, म्हणून नावात एक्स. कोणता कर्ण खरा हे आपल्याला माहीत नाही आणि सध्या त्याची गरजही नाही. दोन्ही शक्यतांत त्या दोन रकान्यांचे ४ याच चार घरांतून येतात. त्यामुळे त्या रकान्यांतल्या बाकीच्या सगळ्या घरांतून ४ खोडता येतो.

ओळींऐवजी रकान्यांपासून सुरुवात केली तरी हेच चालतं. दोन रकान्यांत ४ त्याच दोन ओळींत अडकला असेल, तर खोडायचं त्या ओळींमधून.

हा अंदाज आहे की पुरावा?

पुरावा. “४ इथे धरून बघू, जमलं तर ठीक” असं यात कुठेच नाही. दोन ओळींना दोन ४ लागतात आणि त्यांना जायला दोनच रकाने आहेत. एका रकान्यात एकच ४ मावतो. म्हणजे दोन्ही रकाने या दोन ओळींनीच भरले, तिसऱ्या ओळीला तिथे जागा उरली नाही. स्वॉर्डफिश, जेलीफिश हे सगळं कुटुंब याच एका मोजणीवर उभं आहे. ही मोजणी डोक्यात पक्की बसली की नियम पाठ करावे लागत नाहीत.

एखादं खरं कोडं घेऊन दाखवाल का?

हे अर्धवट सुटलेलं कोडं वहीत उतरवून घ्या. टिंब म्हणजे रिकामं घर.

```
५ . . | . ९ ८ | . . .
२ . १ | ७ ६ ५ | . ८ ९
९ ८ . | . ३ . | . ६ ५
------+-------+------
८ . ५ | ३ १ . | . ९ ७
. १ . | . . ९ | ५ . ८
. . . | ८ ५ ७ | . . १
------+-------+------
. ५ ३ | . ८ १ | ९ ७ .
. . . | ५ . . | ८ १ ३
१ . ८ | ९ ७ ३ | . ५ ६
```

इथे थेट भरता येईल असं एकही घर नाही. ४ तर अख्ख्या कोड्यात एकदाही आलेला नाही. पण दुसरी ओळ बघा. तिच्यात दोनच घरं रिकामी आहेत, (२,२) आणि (२,७), आणि बाकी आहेत ३ व ४. नववी ओळ बघा. तिच्यातही (९,२) आणि (९,७) एवढीच घरं रिकामी आहेत, आणि बाकी आहेत २ व ४. दोन्ही ओळींत ४ दुसऱ्या किंवा सातव्या रकान्यातच जाऊ शकतो. एक्स-विंग हाती लागला.

आता दुसऱ्या रकान्यातली बाकीची रिकामी घरं, म्हणजे (१,२), (४,२), (६,२), (८,२), यांतून ४ खोडा. सातव्या रकान्यात (१,७), (३,७), (४,७), (६,७) मधूनही खोडा. एकूण आठ खोडाखोडी झाल्या. तुम्ही आधी बारकाईने बघितलं असेल, तर (१,७) आणि (३,७) मधला ४ आधीच गेलेला असेल. सातव्या रकान्यात १ आणि ७ साठी हीच दोन घरं उरतात, त्यामुळे ती एकमेकांत वाटली गेली आहेत. तरीही सहा खोडाखोडी नव्या आहेत.

त्यातल्या दोन कामाच्या आहेत. चौथ्या ओळीत २, ४, ६ बाकी आहेत आणि रिकामी घरं (४,२), (४,६), (४,७). आतापर्यंत तिन्ही अंक तिन्ही घरांत बसत होते. आता (४,२) आणि (४,७) मधून ४ गेला, म्हणून (४,६) मध्ये ४ निश्चित झाला.

इथून कोडं भराभर उलगडतं. सहाव्या रकान्यात ४ आल्यामुळे (३,६) मध्ये २ येतो. मधल्या चौकटीत ४ आल्यामुळे (५,५) मध्येही २ येतो. मग पाचव्या रकान्यात फक्त ४ उरतो, तो (८,५) मध्ये. सहाव्या रकान्यात ६ उरतो, तो (८,६) मध्ये. खालच्या मधल्या चौकटीत एकच घर उरलं, (७,४), तिथे २. सातव्या ओळीत आता ४ आणि ६ राहिले, पण नवव्या रकान्यात ६ आधीच आहे, म्हणून (७,९) मध्ये ४ आणि (७,१) मध्ये ६. उजव्या खालच्या चौकटीला तिचा ४ मिळाला, म्हणून (९,७) मध्ये २, (९,२) मध्ये ४, (२,२) मध्ये ३ आणि (२,७) मध्ये ४. आयताचा कोणता कर्ण खरा होता, ते असं शेवटी कळतं. बाकीचं तुम्ही पूर्ण करा. पहिली ओळ ५ ७ ६ ४ ९ ८ १ ३ २ अशी आली तर तुमचं बरोबर आहे.

एक्स-विंग सापडला, पण काहीच खोडता आलं नाही. मी काही चुकलो का?

नाही. वरच्याच कोड्यात याचं उदाहरण आहे. ९ बघा. दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही रकान्यांत ९ साठी सहावी आणि आठवी ओळ एवढ्याच जागा आहेत. आयत पूर्ण आहे, तर्क बिनचूक आहे. पण सहाव्या आणि आठव्या ओळीत ९ दुसरीकडे कुठे बसतच नाही, मग खोडणार काय? असे पोकळ एक्स-विंग वारंवार दिसतात. मी त्यांची कागदावर खूण करत नाही, पुढच्या अंकाकडे जातो. आकार सापडला की शोध संपला असं मानू नका. त्या आकाराच्या रेघांवर तो अंक आणखी कुठे शिल्लक आहे का, हे बघणं हाच खरा शोध आहे.

मग तो शोधायचा कसा? आयत डोळ्यांना दिसतच नाहीत.

आयत शोधूच नका. एका वेळी एकच अंक घ्या आणि ओळी मोजा.

मी असं करतो. कोड्याच्या बाजूला त्या अंकापुरता तक्ता लिहितो. डावीकडे ओळीचा क्रमांक, समोर तो अंक ज्या रकान्यांत बसू शकतो त्यांचे क्रमांक. वरच्या कोड्यात ४ साठी दुसऱ्या ओळीसमोर “२ ७” येईल, नवव्या ओळीसमोरही “२ ७”. दोन ओळींसमोर अगदी सारखी जोडी आली की एक्स-विंग. यात नजरेचं कौशल्य लागत नाही, आकड्यांच्या जोड्या जुळवायच्या असतात. मग तोच अंक रकान्यांच्या बाजूने मांडायचा. दोन्ही बाजूंनी मांडणं गरजेचं आहे, कारण ओळींत न दिसणारा एक्स-विंग रकान्यांत असू शकतो.

तक्ता लिहिण्याइतकी सवड नसेल तर आधी फक्त दोन घरं रिकामी असलेल्या ओळी आणि रकाने बघा. अशा ओळीत उरलेला प्रत्येक अंक आपोआप दोनच घरांत अडकलेला असतो. अशा दोन ओळींची रिकामी घरं एकाखाली एक आली आणि दोघींचा एक उरलेला अंक सारखा निघाला की काम झालं. वरचा एक्स-विंग असाच दिसला.

अंक कोणता निवडायचा, यालाही हिशेब आहे. जो अंक सहा किंवा जास्त ठिकाणी भरून झालाय, त्याच्यावर एक्स-विंग शोधू नका. तीनच ओळी उरल्या आणि त्यांतल्या दोन ओळींनी दोन रकाने अडवले, तर तिसऱ्या ओळीला तिसरा रकानाच उरतो. तो साध्या नजरेनेही त्या रकान्यात एकटाच दिसला असता. पाच किंवा कमी ठिकाणी भरलेले अंक घ्या.

स्वॉर्डफिशमध्ये वेगळं काय आहे?

दोनाऐवजी तीन. तीन ओळींत एक अंक मिळून फक्त तीनच रकान्यांत अडकला असेल, तर ते तिन्ही रकाने या तीन ओळींनी अडवले. त्या रकान्यांतल्या इतर ओळींमधून तो अंक खोडायचा.

लोक अडखळतात ते एका गैरसमजापाशी. प्रत्येक ओळीत तिन्ही घरं शक्य असायला हवीत, असं त्यांना वाटतं. तशी अट नाही. समजा ६ हा अंक एका ओळीत दुसऱ्या आणि पाचव्या रकान्यात बसतो, दुसऱ्या ओळीत पाचव्या आणि आठव्यात, तिसऱ्या ओळीत दुसऱ्या आणि आठव्यात. प्रत्येक ओळीत दोनच घरं आहेत, नऊऐवजी सहाच कोपरे आहेत, तरी हा अस्सल स्वॉर्डफिश आहे. मोजणी पुन्हा करून बघा. तीन ओळींना तीन ६ हवेत आणि मिळून रकाने तीनच आहेत: २, ५, ८. घरं किती हे मोजायचंच नसतं. रकाने किती, एवढंच मोजायचं. कागदावर असे अपुरे स्वॉर्डफिशच जास्त भेटतात. त्यांत आयत नसतो, म्हणून ते नजरेतून निसटतात.

स्वॉर्डफिशचंही एक कोडं सोडवून दाखवा.

हे मुद्दाम रकान्यांच्या बाजूचं घेतलंय.

```
२ . १ | ४ ३ . | ९ ५ ८
. ९ ५ | २ . ८ | १ . .
८ . . | १ ९ ५ | . . २
------+-------+------
१ २ . | ९ ४ . | ५ ८ ७
७ . ८ | . १ . | . ४ ९
९ . . | . ८ . | ६ . १
------+-------+------
. ८ . | . . ९ | . १ .
५ १ . | ८ २ ४ | ७ . ३
. . . | . . १ | ८ . .
```

इथे ६ धरा. तो एकदाच भरलाय, (६,७) मध्ये. पहिल्या रकान्यात तीन घरं रिकामी आहेत, ओळी २, ७ आणि ९. पाचव्या रकान्यात तीन घरं रिकामी आहेत, पुन्हा ओळी २, ७ आणि ९. नवव्या रकान्यातही अगदी तेच. तिन्ही रकान्यांना ६ हवाय आणि तिन्हींना मिळून ओळी फक्त तीन. नऊच्या नऊ कोपरे शक्य असलेला हा भरगच्च स्वॉर्डफिश आहे.

सुरुवात रकान्यांपासून केली, म्हणून खोडायचं ओळींमधून. दुसऱ्या ओळीत (२,८) मधला ६ जातो. सातव्या ओळीत (७,३) आणि (७,४) मधला. नवव्या ओळीत (९,२), (९,३), (९,४) आणि (९,८) मधला. एकूण सात.

आता चौथा रकाना बघा. त्यात रिकामी घरं आहेत (५,४), (६,४), (७,४), (९,४). सहाव्या ओळीत ६ आधीच आहे, म्हणून (६,४) बाद. (७,४) आणि (९,४) आत्ताच बाद झाली. उरलं (५,४), तिथे ६ लिहा.

मधल्या चौकटीत ६ आला. चौथ्या ओळीत ३ आणि ६ बाकी होते, तेव्हा (४,६) मध्ये ३ आणि (४,३) मध्ये ६. सहाव्या रकान्यात आता ६ साठी (१,६) एवढंच घर उरलं. तिथे ६ लिहिला की (१,२) मध्ये ७ येतो. (२,५) मध्येही ७, कारण त्या चौकटीत तेवढंच घर शिल्लक राहतं. आठव्या ओळीत ६ आणि ९ बाकी होते. तिसऱ्या रकान्यात ६ आल्याने (८,३) मध्ये ९ आणि (८,८) मध्ये ६. पुढे अडायला होत नाही. शेवटी स्वॉर्डफिशचे तीन ६ कुठे पडले ते पडताळून बघा: (२,९), (७,१), (९,५).

स्वॉर्डफिश शोधायला खूप वेळ जातो. कुठे शोधायचा आणि कुठे नाही?

हे मला बरीच वर्षं कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो.

समजा एक अंक अजून “न” इतक्या ओळींत भरायचा आहे. मग तो भरायचे रकानेही “न” इतकेच. त्यातल्या तीन ओळींनी तीन रकाने अडवले, तर उरलेले “न वजा तीन” रकाने आपोआप उरलेल्या “न वजा तीन” ओळींत अडकतात. म्हणजे ओळींच्या बाजूने दिसणारा प्रत्येक मासा, मग तो एक्स-विंग असो की स्वॉर्डफिश, रकान्यांच्या बाजूने दुसऱ्या आकाराचा मासा असतो, आणि दोघं खोडतात ती घरं तीच.

आता हिशेब करा. अंक पाच ठिकाणी भरलाय, चार ओळी उरल्या आहेत. तिथे स्वॉर्डफिशची दुसरी बाजू एकट्या रकान्याची असते, म्हणजे तो अंक त्या रकान्यात थेट भरता आला असता. अंक चार ठिकाणी भरलाय, पाच ओळी उरल्या आहेत. तिथे स्वॉर्डफिशची दुसरी बाजू एक्स-विंग असते. तुम्ही ओळी आणि रकाने दोन्हींकडून एक्स-विंग शोधून झाले असाल, तर इथे नवीन काही मिळणार नाही. म्हणून नियम असा: जो अंक तीन किंवा कमी ठिकाणी भरलाय, त्याच्यावरच स्वॉर्डफिश शोधा. वरच्या कोड्यात ६ एकदाच भरलेला होता.

या एका नियमाने शोधायचे अंक नवावरून तीन-चारवर येतात. मग त्या अंकाच्या तक्त्यात ज्या ओळींसमोर दोन किंवा तीन रकाने आहेत, तेवढ्याच घ्या. चार किंवा जास्त रकाने असलेली ओळ स्वॉर्डफिशमध्ये येऊ शकत नाही, ती सरळ झाका. उरलेल्यांतल्या दोन ओळींचे मिळून तीन रकाने होतात का बघा, आणि त्याच तीन रकान्यांत मावणारी तिसरी ओळ शोधा.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. चारचा मासा असतो, त्याला जेलीफिश म्हणतात. पाचचा वेगळा शोधायची गरज नाही, कारण जास्तीत जास्त नऊ ओळींत पाचच्या माशाची दुसरी बाजू चारची किंवा त्याहून लहान निघते.

माझा एक्स-विंग चुकला आणि पुढे सगळं कोडं बिघडलं. कुठे चुकतं?

तीन ठिकाणी, आणि तिन्ही ठिकाणी मीही चुकलोय.

पहिलं म्हणजे बारीक आकडे अपुरे असणं. ओळीत ४ साठी तीन घरं असतात, पण पेन्सिलीने दोनच ठिकाणी लिहिलेला असतो. मग नसलेला एक्स-विंग दिसतो. मागे एका रविवारी मी तास-दीड तास घालवून एक कोडं जवळजवळ पूर्ण केलं, आणि शेवटच्या चौकटीत दोन ७ आले. मागे जाऊन तपासलं तर एका घरात ४ लिहायचाच राहिला होता. तेव्हापासून मासा सापडला की खोडण्याआधी त्या ओळींतलं प्रत्येक रिकामं घर मी बारीक आकड्यांवर विसंबून न राहता पुन्हा तपासतो: इथे हा अंक खरंच का बसत नाही? रकान्यामुळे की चौकटीमुळे? प्रत्येक घराला उत्तर मिळालं तरच रबर हातात घेतो.

दुसरं म्हणजे चार कोपरे दिसले की पुरे असं समजणं. चारही कोपऱ्यांत ४ लिहिलेला आहे, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. निदान एका दिशेने तरी तो फक्त त्या कोपऱ्यांतच असायला हवा. दोन्ही ओळींत तिसरं घर असेल आणि दोन्ही रकान्यांतही तिसरं घर असेल, तर तो नुसता आयत आहे.

तिसरं म्हणजे दिशा. ओळींत अडकलेला अंक रकान्यांतून खोडायचा, रकान्यांत अडकलेला ओळींतून. घाईत हे उलटं होतं. खूण सोपी आहे: ज्या रेघांवरून पुरावा घेतला, त्या रेघांवर कोपऱ्यांशिवाय तो अंक शिल्लकच नसतो. म्हणून त्या रेघांवर खोडायला काही सापडलं, तर समजा की दिशा चुकली किंवा मासाच खोटा आहे.

चूक झालीय हे कळतं ते एखाद्या घरात एकही अंक बसेनासा होतो तेव्हा, किंवा एखाद्या ओळीत, रकान्यात, चौकटीत कोणत्यातरी अंकाला जागाच उरत नाही तेव्हा. दुरुस्तीसाठी कुठे परत जायचं हे कळावं म्हणून मी खोडताना आकडा पुसून टाकत नाही, त्यावर बारीक तिरपी रेघ मारतो.

एका ओळीत एक घर जास्त आहे, बाकी सगळं जुळतंय. ते फुकट जातं का?

पूर्ण फुकट नाही. त्या जादा घराला पर म्हणतात, माशाचा पर. समजा ४ हा अंक दुसऱ्या ओळीत दुसऱ्या आणि सातव्या रकान्यात बसतो, पण नवव्या ओळीत दुसऱ्या, सातव्या आणि आठव्या रकान्यात. (९,८) हे पराचं घर.

दोनच शक्यता आहेत. (९,८) मध्ये ४ नसेल, तर एक्स-विंग खरा आहे आणि सातव्या रकान्यातल्या इतर घरांतून ४ जातो. (९,८) मध्ये ४ असेल, तर त्याच चौकटीतल्या (७,७) आणि (८,७) मध्ये ४ येऊ शकत नाही. म्हणजे (७,७) आणि (८,७) मधून ४ दोन्ही वेळा गेला. तो निर्धास्त खोडा. सातव्या रकान्यातल्या वरच्या घरांना मात्र हात लावू नका, दुसऱ्या रकान्यालाही नाही, कारण पर ती घरं बघत नाही, म्हणजे ती पराच्या ओळीत, रकान्यात किंवा चौकटीत नाहीत.

पर ज्या चौकटीत आहे त्याच चौकटीत आयताचा एक कोपरा असावा लागतो. पर लांबच्या चौकटीत असेल तर सोडून द्या.

मी बारीक आकडे लिहीतच नाही. चालेल का?

एक्स-विंग कधीकधी नुसत्या नजरेने सापडतो, विशेषतः दोन घरं रिकामी असलेल्या ओळींत. स्वॉर्डफिश मला तरी आकडे न लिहिता कधी सापडलेला नाही. पण सगळ्या घरांत सगळे आकडे भरायलाच हवेत असंही नाही. ज्या अंकावर शोध चाललाय, त्याचा तक्ता कागदाच्या कडेला लिहिला तरी पुरतं.

रोजच्या वर्तमानपत्रातल्या कोड्यात हे लागतं का?

सहसा नाही. तिथली बहुतेक कोडी साध्या नजरेने आणि जोड्यांनी सुटतात. तिथे अडलात तर मासे शोधण्याआधी जोड्या, तिकड्या आणि चौकटीतून रेघेवर ढकलणारे अंक पुन्हा बघा. बहुतेक वेळा तिथेच काहीतरी राहून गेलेलं असतं.

आणि जगातली सगळ्यात अवघड म्हणवली जाणारी कोडी यांनी सुटतात का?

नाही. सुडोकू एक्सप्लेनर या प्रोग्रामची मोजपट्टी बरेच सोडवणारे वापरतात. तिच्यावर एक्स-विंगला ३.२, स्वॉर्डफिशला ३.८ आणि जेलीफिशला ५.२ असे गुण आहेत. फिनलंडचे गणितज्ञ आर्तो इनकाला यांचं २०१२ मध्ये गाजलेलं कोडं याच पट्टीवर दहाच्या वर जातं. तिथे मासे शोधून फारसं हाती लागत नाही.

मासा एका वेळी एकाच अंकाचा विचार करतो, ही त्याची मर्यादा आहे. “या घरात ३ असेल तर त्या घरात ७, म्हणून तिसऱ्या घरात ३ नाही” असा दोन-तीन अंकांना जोडणारा तर्क त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्यासाठी साखळ्या लागतात. त्यातली सर्वांत छोटी एक्सवाय-विंग. तीन घरं, प्रत्येकात दोनच अंक शक्य, आणि मधलं घर बाकीच्या दोघांना बघतं. नाव जवळचं असलं तरी एक्स-विंगशी तिचा संबंध नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी जोड्या-तिकड्या, मग दोन्ही दिशांनी एक्स-विंग, मग एक्सवाय-विंग, आणि तीन किंवा कमी ठिकाणी भरलेले अंक शिल्लक असतील तर स्वॉर्डफिश. एक्सवाय-विंग मी स्वॉर्डफिशच्या आधी घेतो, कारण दोनच शक्यता असलेली घरं एका नजरेत दिसतात आणि स्वॉर्डफिशचे तक्ते मांडायला पाच-दहा मिनिटं जातात. आणि कुठूनही एक अंक जरी भरला गेला, तरी पुढचा मासा शोधण्याआधी मी पुन्हा साध्या नजरेने सगळं कोडं फिरून येतो.